दोधूचं नाव मी घातलं

चि. पितांबर,

मी कोरीटला गजराबाईकडे जाते. तू कचेरीतून येईपर्यंत थांबणार होते, पण सकाळपासून घरात बसवत नाही. तिचा दोधू ब्रह्मदेशात लढाईत गेल्याची तार येऊन महिना झाला आणि त्याच्या साहेबाचं इंग्रजी पत्र तिने तुझ्याकडून वाचून घ्यायला दिलेलं, ते चार दिवस आपल्याच कोनाड्यात पडलंय. काल ती दारात येऊन विचारत होती, "माय, साहेबनी काय लिखेल शे मन्हा पोऱ्याबद्दल?"

तू केलेलं मराठी मी नेलं नाही, रागावू नकोस. अर्थ बरोबर आहे, पण ‘आपल्या नुकसानीबद्दल सखोल सहानुभूती स्वीकारावी’ हे आईला कसं वाचून दाखवू? वर श्रीकारही घातला होतास. दुखवट्याच्या पत्रावर तो घालत नाहीत. मी लिहिलं, ‘तुमचा दोधू गेल्याचं आम्हां सर्वांना फार दुःख झालं आहे. तो चांगला शिपाई होता, सगळ्यांना आवडायचा. शेवटी त्याला यातना झाल्या नाहीत.’

साहेबाने नुसतं ‘तुमचा मुलगा’ लिहिलंय. नाव मी घातलं. तुझे वडील पलटणीत असताना तापाच्या साथीत गेले, तेव्हा त्यांच्या साहेबाचं असंच पत्र मास्तरांनी मला मराठीत लिहून, वाचून दाखवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘तुमचे पती’. पंचवीस वर्षं झाली, मी अजून त्यात त्यांचं नाव शोधते.

भाकरी टोपलीत आहे, जेवून घे. मला उशीर होईल. ती पुन्हा पुन्हा वाचायला लावेल.

आई