मुकर्रर

सोनपेठ, कार्तिक शुद्ध दशमी, शके १८७९

ह्यांची उर्दू पत्रं सुमनसाठी मराठीत उतरवायलेय. तिला उर्दू येत नाही, आणि हे गेले तेव्हा ती पाळण्यात होती. प्रत्येक पत्राचा मायना एकच, 'मुकर्रर'. नव्या संसारात मी वरणात दोनदा मीठ घातलं होतं. मुशायऱ्यात शेर पुन्हा मागतात तसं हे म्हणाले, "मुकर्रर", आणि तेच वरण आणखी घेतलं. तेव्हापासून माझं तेच नाव.

'पुन्हा एकदा' लिहिलं. सुमन म्हणाली, "हे कसलं नाव, आई?" खोडलं. 'दुबार' लिहिलं, तर त्यात नुसतं मीठच, दाद नाही. शेवटी 'पुन्हा वाढ' लिहिलं.

सुमन लय हसली. "खारट वरण मागून खायचे बाबा?" मग लाडानं मला तीच हाक मारली.

अर्थ उतरला, विठ्ठला. पण ओ काही माझ्याच्यानं देववली नाही.