सावकाशांचं अभिनंदन

९ जून, सोमवार. संध्याकाळ.
सर्व्हिस मॅनेजरची जागा सावकाशांना मिळाली. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. नोंद असावी.

सावकाश हे त्यांचं नाव नव्हे. पण बोलताना, जिना चढताना, चहा ओतताना हा माणूस दर दोन वाक्यांमागे 'सावकाश, सावकाश' म्हणतो, म्हणून सगळी कंपनी त्यांना तेच म्हणते. आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्तीत बरोबरीने वर आलो. मी हेल्पर म्हणून लागलो, ग्रीस पुसत पुसत सुपरवायझर झालो. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की दोर घासतोय ते सांगतो. हे कान जन्मजात आहेत. असो. कानांना बढती देत नाहीत.

दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही. गर्दीत उभं राहणारा माणूस मी नव्हे. मी वेगळा, वैयक्तिक मेसेज पाठवणार. मोठ्या मनाने. आजच.

थेट त्यांच्याच चॅटमध्ये लिहायला घेतला, म्हणजे घाईत दुसऱ्याला जायची भीती नाही. अशी सावधगिरी फार थोड्यांकडे असते. मजकूर: 'अभिनंदन. अखेर तुमच्या कष्टांचं चीज झालं. या जागेसाठी मीही प्रयत्नात होतो, पण माझ्या मनात काहीही नाही.'

बायकोला वाचून दाखवला. ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, ज्याच्या मनात काही नसतं तो तसं लिहून देत नाही. आणि 'अखेर' काढा, म्हातारपणी दहावी पास झाल्यासारखं वाटतं.

दोन्ही वाक्यं काढली. 'अभिनंदन' एवढंच उरलं. एवढाच मेसेज पाठवायचा कसा? उद्या.

१० जून, मंगळवार.
आज कोरडेपणा नको असं ठरवलं. 'हार्दिक, मनःपूर्वक आणि त्रिवार अभिनंदन!!!' पुढे पाच गुच्छ, एक नाचणारा माणूस. लेक डोकावून म्हणाली, बाबा, एवढं ओरडताय का? ज्याला खरंच आनंद झालाय तो एकदाच म्हणतो.

तिचं वय काय, बोलते काय. गुच्छ काढले. नाचणारा माणूस जरा वेळ ठेवला, मग तोही काढला.

मग सभ्यपणे लिहिलं: 'हे आपल्या सगळ्या टीमच्या मेहनतीचं फळ आहे.' बायको म्हणाली, म्हणजे निम्मी बढती तुमची. मी म्हणालो, तसा अर्थ होतोच असं नाही. ती म्हणाली, त्यांनी वाचलं की होईल.

दमलो. दिवसभर दोन इमारतींच्या गच्च्या चढलो होतो. लिफ्ट बंद असली की लिफ्टवाल्यालाच जिने चढावे लागतात. हे कोणी लक्षात घेत नाही.

११ जून, बुधवार. दुपार.
सावकाश आज जेवायला आले नाहीत. इतकी वर्षं आम्ही खिडकीपाशी समोरासमोर बसून जेवतो. त्यांची खुर्ची रिकामी. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये एकटेच जेवले म्हणे. खुर्ची मिळाली की माणूस जेवणाची सोबतही बदलतो. भाजीला चव नव्हती.

संध्याकाळ.
तरीही माणुसकी सोडायची नाही. नवा मजकूर, आपुलकीचा: 'आता जबाबदारी वाढली. तब्येतीला जपा. हाताखालच्यांना कसं सांभाळायचं ते हळूहळू जमेल. काही अडलं तर मी आहेच.'

बायको हसली. हे अभिनंदन आहे की शिकवणी, म्हणाली. मग हसणं थांबवून म्हणाली, अहो, यात सगळीकडे तुम्हीच आहात. तुमचं मन, तुमची टीम, तुमचा सल्ला. ते कुठे आहेत? त्यांनी केलेली एखादी गोष्ट लिहा, जी तुम्ही पाहिली आणि आवडली.

मी म्हणालो, अशा पुष्कळ आहेत. एक सांगा, म्हणाली.

आठवत बसलो. झोप लागली.

१२ जून, गुरुवार.
सकाळी ठरवलं की उशिरा गेलेला मेसेजच जास्त खरा वाटतो. घाईचे अंगठे कोण लक्षात ठेवतो? म्हणजे माझा उशीर हा उशीर नव्हे.

दुपारी रुग्णालयातल्या जुन्या लिफ्टची तपासणी होती. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये उभा राहिलो आणि आठवलं. हीच लिफ्ट. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक म्हातारी बाई. मी वर, सावकाश खाली दाराशी. मेन स्विच बंद केला. मग हाताने ब्रेक सोडायचा, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा ब्रेक, असं करत लिफ्ट मजल्याला लावायची; लागली की खालच्याने किल्लीने दार उघडायचं. तेवढा सगळा वेळ लिफ्टच्या बोगद्यातून सावकाशांचा आवाज वर येत होता. सावकाश. घाबरू नका. होतंय. सावकाश. बाई बाहेर आल्या त्या हसत.

घरी येऊन एका दमात लिहिलं: 'मॅनेजर झालात, अभिनंदन. रुग्णालयाची लिफ्ट अडकली होती तेव्हा त्या आजींना तुम्ही कसा धीर देत होतात ते मला वर ऐकू येत होतं. असा माणूस वर बसला हे बरं झालं. चाक फिरवायला अर्थातच मी होतो.'

बायकोने दोनदा वाचलं. म्हणाली, शेवटचं वाक्य काढा.

फार वेळ लागला, पण काढलं. पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

एवढं मन ओतलं, आणि उत्तर नाही. लोक बदलतात.

१३ जून, शुक्रवार.
दुपारी सावकाश डबा घेऊन आले आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसले. डबा उघडला. मग म्हणाले, सोमवारपासून रोज संध्याकाळी तुमच्या नावाखाली 'टायपिंग' दिसतंय. मी फोन धरून बसतो. थांबतं, परत सुरू होतं, आणि येत काहीच नाही. पहिल्या दिवशी वाटलं, मोठं काहीतरी येणार. दुसऱ्या दिवशी वाटलं, शिव्या येणार; मग समोर बसून जेवायचा धीरच होईना. बुधवारी वाटलं, राजीनामा. समोर बसून जेवायचा धीरच होईना.

त्या चॅटमध्ये लिहिताना समोरच्याला दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लेकीने सांगायला हवं होतं.

मी विचारलं, पण मेसेज आवडला ना?

म्हणाले, फार आवडला. दोनदा वाचला. फक्त, खरं सांगू का, त्या आजी मजेत होत्या. आत फोनवर सुनेची तक्रार करत होत्या. सावकाश, घाबरू नका, हे मी तुम्हाला ओरडून सांगत होतो. तुम्ही चाक किती घाईने फिरवत होतात! लिफ्ट हिसके खात होती.

मी पाणी प्यायलो.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, वाईट वाटलं का हो, जागा गेली म्हणून? मी म्हणालो, छे. ते म्हणाले, मला वाटलं असतं. आणि आपल्या डब्यातलं लोणचं माझ्या झाकणात वाढलं, रोज वाढतात तसंच.

घरी बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, मेसेज फार आवडला. ती म्हणाली, कोणी लिहिला ते विचारलं का?

संकल्प: यापुढे चाक सावकाश फिरवायचं.

सोमवारच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती: वाईट वाटलं होतं. नोंद असावी.