बाबांच्या कपाळावर

८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कपाळ आपलं असलं तरी ते बघतात दुसरेच, असं बाबा एकदा आरशासमोर गंध लावताना म्हणाले होते. आज ते आठवून मला माझंच कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय.

आईबरोबर तुझ्या घरी पाठवायची बाबांची तसबीर झाली. जुन्या फोटोत कपाळ उजेडाने पुसलं गेलं होतं, म्हणून चित्रकाराने गंध कोणतं ते विचारलं. तू लिहिलं होतंस तसं मी उभं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई एकटीच दुकानात गेली आणि आडवं सांगून आली. त्या भल्या माणसाने दोघींचं मन राखलं. उभ्या रेघा, त्यांवर आडव्या. बाबा खिडकीच्या गजांआडून बघतायत असं वाटतं.

आता आई म्हणते, उभं रंगवणार असाल तर तसबीर न्या, मी येत नाही. भरलेली ट्रंक दारात आहे, आणि तिच्यावर बसून ती भाजी निवडते. मी दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका काढते, घरी येऊन पुन्हा तेच. तूच तिला समजाव.

लोभ आहे तो राहू दे.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यात समजावायचं काय? आपलं घर वैष्णवांचं. गोपीचंदनाचा खडा सहाणेवर उगाळायचा, त्याच्या दोन उभ्या रेघा, नाकाच्या मुळाशी जोडलेल्या. ती विष्णूची पावलं. मधे धुपाच्या कोळशाची काळी रेघ, तिच्या तळाशी अक्षतेचा, म्हणजे हळदीच्या लेपाचा, लाल ठिपका. बाबा कपाळावर लावून थांबत नसत. पोट, छाती, दंड, पाठ धरून बारा ठिकाणी, एकेक नाव घेत. भस्माच्या तीन आडव्या रेघा शैवांच्या, म्हणजे आईच्या माहेरच्या. आपल्याकडे आडवं चालत नाही. मी नकाशे काढून पोट भरतो, मला उभं-आडवं कळतं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी यायचो तेव्हा त्यांचं कपाळ मोकळं असायचं, हे खरं. भर दुपारीसुद्धा विचारलं की म्हणायचे, आंघोळ व्हायचीय. त्यावरून मी चिडवायचोही. पण भस्म? कधीच नाही. सासऱ्यांसमोर ती तसबीर लावली तर काय सांगू? बाबांनी म्हातारपणी घराणं बदललं?

आईसाठी खोली रंगवून ठेवली आहे. रिकामी बघवत नाही.

रागावू नकोस.
तुझा धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

आईला विचारलं. आधी तिने मलाच झापलं, की एका घरात राहून तुला दिसलं नाही होय. मी पहाटे छापखान्यात, संध्याकाळी परत, कुठून दिसणार?

बाबांचा उजवा हात लकव्याने गेला तेव्हापासून गंध आई लावायची. उभ्या रेघा तिला जमेनात. एक इकडे, एक तिकडे, काळी रेघ नाकावर ओघळायची. पुसून पुसून बाबांचं कपाळ लाल व्हायचं आणि दोघं एकमेकांवर वैतागायची. मग एक दिवस बाबाच म्हणाले, की तुझ्या हाताला जे येतं ते लाव. लहानपणी ती तिच्या वडिलांना लावायची. पाण्यात कालवलेलं भस्म, मधली तीन बोटं, डावीकडून उजवीकडे एकदाच ओढायची. बाबांनी डोळे मिटून घेतले. सगळ्याची शेवटी राखच होते, हे तिच्या माहेरचं म्हणणं त्यांना तेव्हा पटलं की नुसता गारवा आवडला, ते तिला माहीत नाही.

तू येणार असलास की ते पुसून टाकायला सांगायचे. म्हणून तुझ्यापुरती आंघोळ राहायची.

आता सांग, कोणतं रंगवू?
ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न.

मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यांना?

कपाळ कोरं ठेव. काचेवर आईला रोज हवं ते लावू दे. सासऱ्यांचं मी बघतो. पण माझ्या हातून आडवं लागणार नाही, एवढं मान्य करा.

धाकटा

३ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

मान्य. आईने ट्रंकेला कुलूप लावलं. रविवारी घेऊन येते. मात्र काचेचं ऐकून ती म्हणाली, काचेला कपाळाचा उबारा नसतो.

खरं सांगू, तसबिरीपेक्षा मला तिच्या हाताची काळजी वाटते. स्वतःचं कुंकू तिने सोडलं. पण सकाळी आंघोळ करून बसली की तिची तीन बोटं अजूनही भस्माच्या डबीत जातात आणि तिथेच थांबतात. मी माझं कपाळ पुढे केलं, तर म्हणाली, तू टिकली लाव, तुझं कपाळ अरुंद आहे. बाबांसारखं रुंद कपाळ आपल्यात एकट्या तुझंच.

म्हणून विचारते. आम्ही आलो की एका सकाळी, दार लावून, तिच्यासमोर डोळे मिटून बसशील? लगेच पुसलंस तरी चालेल. तू नाही म्हणशील, हे माहीत आहे.

तुझी ताई