पट्टीवरची ओळ तुमची होती

प्रिय आत्याबाई,

सासूला 'प्रिय' लिहितात की नाही, मला माहीत नाही. शाळेत 'तीर्थरूप' शिकवलं होतं. पण तसं लिहिलं की पुढे खुशाली कळवावी लागते, आणि मला खुशाली कळवायची नाही. एक गोष्ट कबूल करायची आहे.

काल दुपारी हे सेठकडून आले. मेमध्ये लागणाऱ्या पिक्चरचे फोटो पलंगावर मांडले आणि म्हणाले, "सुलोचना, उद्या संध्याकाळपर्यंत लाइन पाहिजे. तुझ्यासारखी कोणाला जमत नाही." मी सवयीनं उठले आणि स्वयंपाकघरात आले, तुमच्याशी बोलायला. तुम्ही माघात गेलात, आता चैत्र सरत आला, तरी ओळ म्हटली की माझे पाय तिकडेच वळतात. ओट्याजवळ उभी राहिले आणि लक्षात आलं, की आता विचारायचं कोणाला?

तो पहिला उन्हाळा आठवतो ना तुम्हाला? हे कापडाच्या लूमवरचं काम सोडून सेठकडे लागले होते. सेठ मुंबईचे मराठी पिक्चर सुरतसाठी घ्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थिएटरात दुपारचा खेळ लावायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळी जाहिरात ह्यांच्या हाती दिली होती. आणि बजावलंही होतं, की पहिले तीन दिवस थिएटर भरलं नाही तर मालक हिंदी पिक्चर लावणार, "ने तू पाछो लूम पर." लूमच्या धुळीनं ह्यांची छाती किती वाजायची, ते तुम्ही आणि मीच ऐकलं होतं. ह्यांनी परत तिथं जायचं नव्हतं, एवढंच आपल्याला कळत होतं.

तुम्ही कणीक मळत होतात आणि हे तुम्हाला समजावत होते. "आई, आधी टीझर लागतो. त्यावर पिक्चरचं नाव नाही, नट नाही. एक चित्र आणि एक ओळ. माणूस विचारात पडला पाहिजे. मग दोन आठवड्यांनी मोठं पोस्टर. त्यावर चेहरे, नाव, आणि नावाखाली दुसरी ओळ. ती सांगते पिक्चर कसलं आहे."

"म्हंजे पहिले दार वाजाडानं, मंग नाव सांगानं," तुम्ही म्हणालात.

हे हसले. मीसुद्धा. पण इतकं नेमकं सेठनाही सांगता आलं नसतं.

मग ह्यांनी मुंबईहून आलेला गठ्ठा सोडला. पोस्टरवर पाट, स्टीलचं ताट, पाण्याचा पेला, आणि वर मोठ्या काळ्या अक्षरांत 'त्याचं ताट वाढून ठेवलंय.' खाली बारीक, 'या सुट्टीत'. ह्यांनी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. तुमचे हात कणकेतच थांबले.

"कोन मरनं?"

मला अजून तो प्रश्न ऐकू येतो. मी मॅट्रिक, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मुंबईकडे अक्षय तृतीया म्हणतात ती आखाजी आठ दिवसांवर होती. आपल्याकडे त्या दिवशी घागर पुजतात आणि तिच्यापुढे गेलेल्यांचं ताट वाढतात. मुंबईच्या लेखकाला ते कुठून ठाऊक असणार? पण पोस्टर लागणार होती इथं सुरतेत, नवागामात, डिंडोलीत, पर्वत पाटियाला, गावाकडून आलेल्या आपल्याच माणसांसमोर.

हे म्हणाले, "आई, मुलगा जिवंत आहे. भावाशी भांडून घर सोडून गेलाय. त्याची आई रोज ताट वाढून वाट बघते."

"जित्ता मानूसले हाक मारतस, भाऊ. ताट वाढीसन ठेवतस नही."

तेव्हा ह्यांचा पारा चढला. "तुला सही करता येत नाही. अंगठा उठवतेस. आणि मुंबईच्या लेखकाची लाइन तपासतेस?"

 तुम्ही पुन्हा कणीक मळायला लागलात. मी तरी बोलायला हवं होतं, आत्याबाई. पण नवरा चिडला की तोंड मिटून बसायचं, हे मला माहेरीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी खळ घेऊन नवागामात दहा पोस्टर लावली आणि दुपारी बघायला गेले, तर एका पोस्टरखाली कोणीतरी हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं होतं. दुसरीकडे एका म्हातारीनं ह्यांनाच विचारलं, "कोणाच्या घरचं रे, भाऊ? तरणा होता का?" हे घरी आले आणि बुटांसकट पलंगावर बसले. मुंबईहून नवी पोस्टर छापून यायला वेळ नव्हता. ओळीवर जाड कागदाची पट्टी चिकटवायची, एवढीच वाट होती. पण पट्टीवर लिहायचं काय? चित्र तर ताटाचंच राहणार. ओळ सहा-सात शब्दांहून मोठी नको, रिक्षातल्या माणसाची रिक्षा पुढे जायच्या आत वाचून झाली पाहिजे. आणि मुलगा परततो की नाही ते कळता कामा नये, नाहीतर तिकीट काढणार कोण?

हे नवी ओळ शोधायला पाट्या रंगवणाऱ्या पेन्टरकडे गेले. तुम्ही पोळ्या करत होतात. आमची लेक बबली खाली खेळत होती. तुम्ही खिडकीतून हाक मारलीत, "बबले, पोयी गरम शे, तवलगून ये!"

 मी हिशेबाची वही ओढली आणि मागच्या पानावर लिहिलं: 'पोळी गरम आहे तोवर ये.' ताट तेच, पाट तोच, पण आता त्यावर बसायला कोणीतरी येणार होतं.

हे परत आले, वही उघडीच होती. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "तुला सुचलं?"

तुम्ही दोन हातांवर होतात. मी म्हणाले, "हो. बसल्या बसल्या."

का म्हणाले असेन? किती वर्षांनी ते माझ्याकडे असे बघत होते. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवून दहा वर्षं झाली होती, त्याचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता. 'आईंनी सुचवलं' म्हटलं असतं तर आदल्या दिवशीच्या भांडणानंतर त्यांनी ऐकलंही नसतं, असंही मी मनाला समजावलं. पण ते नंतर. आधी तोंडातून 'हो' गेलं होतं.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ह्यांनी एसटीडीवरून मुंबईला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, पिक्चरमध्ये पोळीचा सीनच नाही, पब्लिक शिव्या घालेल. ह्यांनी विचारलं, आई मुलाला जेवायला बोलावते का? तो म्हणाला, ते आहे. मग झालं, हे म्हणाले. सेठनी एवढंच म्हटलं, "पब्लिक तमारी छे, तमे जाणो."

छापखान्यात वेगळीच गंमत. त्यांच्याकडची मोठी अक्षरं हिंदीची, त्यात 'ळ' नव्हता. शेवटी पेन्टरनं सगळी ओळ हातानं रंगवून दिली आणि तिच्यावरून पिवळ्या कागदावर लाल शाईत पट्ट्या निघाल्या. खालची काळी अक्षरं दिसू नयेत म्हणून कागद दुहेरी घेतला. मोठ्या पोस्टरवर नावाखाली दुसरी ओळ घेतली, 'सुट्टीत सगळे घरी आले. एकाची वाट आहे.' ती मात्र ह्यांची स्वतःची. चांगली होती, नाही?

आणि जाहिरातीची रिक्षा! भोंगेवाला गल्लीत शिरला आणि राक्षसासारखा ओरडला, "पोळी गरम आहे तोवर येSS!" तुम्ही दारात उभ्या राहून कपाळावर हात मारलात. "असा बलावतस का? पोर ह्यानी पोयी सोडीसन पळी जाई." मी संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, त्याला जरा हळू बोलायला सांगा. आई बोलावते तसं." हेसुद्धा माझंच म्हणून गेलं. एका आठवड्यात दोनदा, आत्याबाई.

पिक्चर लागलं त्या शुक्रवारी आपण सगळ्या गेलो. सुट्टीला गावी न गेलेल्या बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. पिक्चर दुसऱ्या आठवड्यात गेलं आणि हे लूमवर परत गेले नाहीत. सेठ पेढे घेऊन घरी आले. ह्यांनी छाती काढून सांगितलं, "लाइन माझ्या मिसेसनी लिहिली. मॅट्रिक आहे." मी चहाचा ट्रे धरून उभी. तुम्ही कोपऱ्यात लसूण सोलत होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हुशार शे मनी सून."

का म्हणालात तसं? रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. एखादा टोमणा तरी मारायचात, माझ्या फोडणीला तर रोज मारायचात.

नंतर पर्वत पाटियावरून जाताना भिंतीवरची ती पट्टी दिसली की तुम्ही मुद्दाम थांबायच्या. "काय लिखेल शे?" मी वाचून दाखवायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या, आणि म्हणायच्या, "बरं लिखं तू." मला वाटायचं, म्हातारी चेष्टा करते. आता वाटतं, तुम्हाला आपली ओळ ऐकायची होती. वाचता येत नव्हती ना. मग माझ्याकडून वाचून घ्यायच्या, आणि वर शाबासकी मलाच.

पुढे दर उन्हाळ्याला हे मला विचारायचे आणि मी तुमच्याजवळ येऊन उगाच विषय काढायची. भावाभावांचं कसं फिसकटतं हो? सून घर सोडून गेली तर सासू काय म्हणेल? तुम्ही भाजी निवडता निवडता बोलायच्या, मी वहीत टिपायची. एकदा तुम्ही हसून विचारलंत, "यंदा कितला शब्द पाहिजेत, सुलू?" म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तेव्हाही मी म्हटलं नाही, की चला, ह्यांना सांगू.

मला माझ्या पापाचं एवढं नाही. देवीपुढे रोज नाक घासते, ती बघून घेईल. मला टोचतं ते वेगळंच. अंगठा उठवणारी म्हणून ज्यांनी तुम्हाला गप्प केलं, त्यांचं पोट तुमच्या बोलण्यावर चाललं आणि त्यांना ते कळलंच नाही. शेवटच्या दुखण्यात ते तुमचे पाय चेपत होते, तेव्हाही मी औषधाची बाटली हातात धरून उभी होते, आणि बोलले नाही. तुम्ही असताना त्यांना ते कळायला हवं होतं. त्याबद्दल मला क्षमा करा असं म्हणवत नाही. करायची तर करा.

पण आत्याबाई, शब्द देते. आज संध्याकाळी हे येतील, हातपाय धुतील, पाणी पितील. तेवढंच थांबेन. मग बबलीला समोर बसवून ह्यांना सांगेन, की सहा उन्हाळे ज्या बाईच्या ओळींचं तुम्ही कौतुक केलंत, ती मी नव्हते. तुमची आई होती. चिडतील, रडतील, कदाचित दोन दिवस जेवायचेही नाहीत. करू देत. नव्या पिक्चरची ओळ त्यांची त्यांना लिहू दे. माझ्याकडे आता द्यायला काही नाही, आणि तेही मी सांगेन.

तुमची,
सुलोचना