चोरवाट बुजवलेला किल्ला

प्रिय बाबा,

ईरा-कबीरच्या किल्ल्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर आई म्हणाली, खाली दोन ओळी लिही. लिहायला बसलो आणि त्या तुम्हालाच लिहाव्याशा वाटल्या. ग्रुपमध्ये तुमचा नंबर अजून आहे. काढायचा कुणी?

किल्ला हॅनोव्हरमध्ये आहे, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. दोन पावलं टाकली की कठडा. मेघना इन्स्टिट्यूटला जाते, मी मुलांपाशी घरी. श्रावणात तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्ट रिन्यूअलला अडकलेला, येता आलं नाही. तो अजूनही आलेला नाही. तेव्हाही इथेच येरझाऱ्या घालत होतो. पायाला भिंगरी म्हणायचात ना? बघा आता.

पहिला किल्ला बसलाच. मी कुंडीची माती वापरली होती! भुसभुशीत, ओली झाली की घसरते. आत रिकामी खोकी, तीही भिजून खचली. चिखलाचं पाणी खालच्या आजींच्या वाळत घातलेल्या चादरीवर. त्या वर आल्या, भांडल्या, मग कबीरला बिस्किट देऊन गेल्या. काय बाई आहे! असो, भरकटलो.

तुम्ही आधी दगडविटांचा डोंगर रचायचात. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, मग खालून वर थापत यायचं. मला पाठ आहे हे, पण हाताला नाही. तोवर मी दुसऱ्यांचे किल्ले बघायला पळालेला असायचो. बुरूज तुम्ही एकट्यानेच वळायचात. एकदा तरी का नाही अडवलंत मला?

मग बांधकामाचं सामान मिळतं त्या बाउमार्क्टमधून विटा आणल्या, आणि लेम, म्हणजे भिंती लिंपायची चिकणमाती. बटाट्याचं पोतं होतंच. अळीव इथे क्रेसे म्हणून मिळतो. गारठ्यात उगवेना, म्हणून ओल्या कापसावर पेरून खिडकीत ठेवला. चार दिवसांनी हिरवा थर उचलून उतारावर बसवला.

आणि तुमची चोरवाट! मागच्या अंगाला पाइपचा तुकडा खुपसून केली. एकच वाट ठेवली की आतला माणूस कोंडतो, असं तुम्ही सांगायचात.

ईराने जर्मनमध्ये विचारलं, इथून कोण जाणार?

"मी," म्हणालो.

खोटं नव्हतं. बुरूज तिसऱ्यांदा ढासळला होता. जॅकेट अंगात होतं, फोनवर ट्रेनचं टाइमटेबल. मेघना आली की निघायचं, कुठलीही गाडी, कुठलंही गाव. हात धुऊन आलो तर ईराने तो पाइप चिखलाने बुजवलेला. कबीरने वर एक मावळा उभा केलेला, भाल्यासकट.

मग ईरा मराठीत बोलली. ती कधी बोलत नाही. "बाबा, आधी बुरूज कर."

आतला माणूस कोंडला, खरंच. रागही आला. मग जॅकेट काढलं आणि खाली बसलो. बुरूज वाकडा झालाय. फोटोत डावीकडे बघा.

बाबा, पासपोर्ट आला की दोघांना घेऊन येईन. अंगणातल्या तुमच्या विटा आईला कुणाला देऊ देणार नाही. किल्ला तिथे करू, आणि शेवटचा बुरूज वळून होईपर्यंत मी उठणार नाही. चोरवाट ठेवायची की नाही, ते ईराला विचारून.

तुमचा,
अर्ध्या किल्ल्यावरून पळणारा
मंदार