घाम वाळेपर्यंत

इंदू,

मी तालमीत गेलोय. रागानं न्हाय. आठाच्या भोंग्याला घरात असेन, मग बोलू.

कुरुंदवाडच्या शाळेत तुला नोकरी लागली, आणि काल मी "जा की मग, कायमची जा" म्हणून भिंतीकडं तोंड करून पडलो. भांडण मनात घोळवलं की छाती परत धडधडायची, कानशिलं तापायची. मग वस्तादांचं आठवलं. कुस्ती झाली की घाम वाळेपर्यंत तिच्यावर कुणी बोलायचं न्हाय. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. मुठी सोडल्या, खांदे सोडले, आवळलेले दातबी सोडले. अर्ध्या तासानं अंग तालमीच्या मातीत निजल्यागत गार झालं.

काचेच्या कौलातनं चांदणं अंथरुणावर उतरलं होतं. तूबी जागीच होतीस. तुझा श्वास अजून भरभर चालला होता, म्हणून हाक मारली न्हाय. नुसता ऐकत पडलो. हळूहळू तो माझ्या श्वासाबरोबर चालाय लागला, आणि एकाच नावेत बसल्यागत झोप कधी लागली कळलं न्हाय.

दूध झाकून ठेवलंय. आठापर्यंत ट्रंक भरू नको. भरलीसच, तर माझी दोन धोतरं वरती ठेव.

हंबीर