पाटीमागचा चीन

बाई, तुमचा पेपर बंद करायचं ठरलं होतं. ‘शाही चीनमधील धर्म आणि राज्य’. पुण्यासारख्या शहरात हा विषय इतकी वर्षं टिकला, याचं श्रेय निम्मं तुम्हाला आणि निम्मं आमच्या कॉलेजच्या आळसाला. तुम्ही गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरते आणि आठवड्यातून तीन तास तुमचा चीन शिकवते. दोन्हीकडे टाळ्या सारख्याच, म्हणजे नाहीत. गेल्या वर्षी वर्गात सात जण उरले आणि विभागप्रमुखांनी मला बोलावून अगदी प्रेमाने विचारलं, “मॅडम, चीन लागतो कुणाला?” मी म्हटलं, “सर, आपण इतिहास विभागात आहोत. इथलं काहीच कुणाला लागत नाही.” ते हसले नाहीत. पुढच्या समितीपर्यंत मुदत दिली.

घरी येऊन तुमच्या वह्या काढल्या, आणि वाचायच्या सोडून खडकीचं तुमचं स्वयंपाकघर आठवत बसले. यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात, क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यामुळे शिकवणी ओट्यापाशी. मी वीस वर्षांची आहे, स्वतःला फार हुशार समजते आहे, आणि निबंधाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवते आहे: “चीनमध्ये धर्म दोन होते, बौद्ध आणि ताओ, कन्फ्यूशियस हा त्यांच्यावर नेमलेला पोलीस.” तुम्ही गवार मोडताय. मान वर न करता म्हणता, “वाक्य छान आहे. खोटं आहे.” मग ताट माझ्याकडे सरकवता. “मोड. हात चालू असले की तोंड कमी चालतं.”

त्या दुपारी जे सांगितलंत ते मी आजही जवळजवळ तसंच सांगते. पोलीस म्हटलं की बंदी डोळ्यासमोर येते. भिक्षूंना मठांतून हाकललं, मठ पाडले, असे प्रसंग झाले, पण ते तुरळक, आणि बादशहा बदलला की मठ परत उभे. टिकली ती यादी. भिक्षू व्हायचं तर सरकारी दाखला हवा. दाखल्याशिवाय डोकं भादरलं तर मिंग घराण्याच्या कायद्यात फटके. दाखल्यासाठी सूत्रं पाठ आहेत का याची परीक्षा. भिक्षूंवर देखरेख ठेवायला भिक्षूच नेमलेले, ताओवाद्यांवर ताओवादी, राजधानीपासून तालुक्यापर्यंत, आणि सगळ्यांच्या वर विधी-मंत्रालय. देवळांचीही यादी. यादीतल्या देवाला सरकारी पूजा. यादीबाहेरचा देव निरुपद्रवी असेल तर त्याच्याकडे काणाडोळा, आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर आलाच तर तो ‘अनाचारी’: मूर्ती फोडा, इमारतीत शाळा भरवा.

“आणि हे सगळं राबवायचं कुणी?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, अधिकाऱ्यांनी. “किती होते अधिकारी? अख्ख्या जिल्ह्याला एक न्यायाधीश, सगळा कारभारही तोच बघायचा. तोही परप्रांतातला, कारण स्वतःच्या प्रांतात नेमणूक द्यायची नाही असा नियम. भाषासुद्धा धड कळायची नाही त्याला. दर तीनेक वर्षांनी बदली. तो काय कप्पाळ राबवणार?” राबवायची ती सरकारी नोकरीची परीक्षा, बाई, हे मला तेव्हा कळलं. मिंग आणि चिंगच्या काळात लाखो मुलगे कन्फ्यूशियसच्या परंपरेतली तीच चार पुस्तकं, त्यांवरचं तेच एक मान्य भाष्य, वर्षानुवर्षं घोकायचे. खुर्ची मिळायची मूठभरांना. पण पहिली पायरी चढलेला गावातच राहायचा आणि देवळाच्या पंचांत बसायचा, शिलालेखाचा मजकूर लिहून द्यायचा, गावच्या देवाला दरबाराची मान्यता मिळावी म्हणून अर्ज खरडायचा. नापास झालेलासुद्धा त्याच पुस्तकांच्या भाषेत विचार करायचा. राज्याला पगार न देता मिळालेले हे डोळे. “आणि हाच गृहस्थ,” तुम्ही गवारीची शीर ओढत म्हणालात, “परीक्षेच्या आधी विद्येच्या देवाला उदबत्ती लावून यायचा. नवा न्यायाधीश गावात आला की नगरदेवापुढे शपथ घ्यायचा आणि पाऊस नाही पडला तर त्याच्याच पायरीवर गुडघे टेकायचा. तुझ्या पोलिसाला सांग हे.”

मुदत मिळाल्यावर मी एक उद्योग केला. वर्गाचं न्यायालय केलं. अर्जाची पद्धत शतकभर आधीच्या सुंग काळातली आणि कायदा मिंगचा, दोन्ही एकाच कचेरीत बसवले. तुम्हाला हे मुळीच खपलं नसतं, मला ठाऊक आहे. न्यायाधीश केली खडकीच्याच एका मुलीला. तिच्या वडिलांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, पणजोबांपासूनचं, आणि त्यांच्या धर्मात मूर्तिपूजा नाही. मी तिला विचारलं, “तुला चालेल ना, देवळांचा निवाडा करायला?” ती म्हणाली, “मॅडम, न्यायाधीश बाहेरचाच हवा असं तुम्हीच सांगितलंत.” अर्जदार हडपसरच्या शेतकरी घरातला एक मुलगा, ज्याच्या जमिनीवर आता आयटी पार्क आहे आणि ज्याची भाषा अजून तिथून हललेली नाही. त्याला मी दिलं पाच भावांच्या रूपातल्या एका गावठी देवाचं देऊळ. यांगत्सी नदीच्या मुखाकडे असे देव खरंच होते. आता पेपरचं काय व्हायचं ते होवो, असं ठरवून विभागप्रमुखांनाही बोलावलं. ते मागच्या बाकावर मोबाईल घेऊन बसले.

“तुमचा देव यादीत नाही,” न्यायाधीश म्हणाली.

“यादी कुनाची, साहेब?”

“सरकारची.”

“सरकार नव्हतं तवा बी देव व्हता की.”

“देवाने काय काम केलंय ते सांगा. भक्ती नको, काम.”

“दुष्काळात हिर आटली न्हाई.”

“हिर?”

“विहीर वो. पुन्याच्या का तुम्ही?”

“मी परप्रांतातली आहे,” ती थंडपणे म्हणाली. “साक्षीदार?”

“समदं गाव.”

“गाव चालणार नाही. शेजारच्या जिल्ह्यातला अधिकारी येऊन तपासेल. त्याचा अहवाल पुन्हा दुसरा अधिकारी तपासेल. मग राजधानी. जमलं तर देवाला दरबारी नावाची पाटी मिळेल, पुढे सरदारकी. बरं, जत्रेत काय असतं?”

मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं: कोंबडं, दारू, अंगात येणं, बायाबापड्यांची रात्रभर गाणी. तिने टिपून घेतलं आणि एका ओळीत निकाल दिला. अनाचारी. मूर्ती बाहेर, शाळा आत. वर्गाने बाकं बडवली. मुलगा मात्र खरोखरच दुखावल्यासारखा दिसला. मागच्या बाकावरून विभागप्रमुख म्हणाले, “छान. पण हे परीक्षेत कसं विचारणार?”

पुढच्या तासाला मुलगा नवा अर्ज घेऊन आला. विभागप्रमुखही आले, बोलावलं नव्हतं तरी. अर्जात पाच भावांचा पत्ता नाही. आता ते देऊळ होतं लाल चेहऱ्याच्या सेनापतीचं, ज्याला दरबारानेच बढत्या देत देत देवांचा सम्राट केला होता.

“हा तर यादीतला हाय ना, साहेब?”

“आहे,” ती सावध झाली. “आणि सेनापतीच्या मागे कोण आहे?”

“मागं भिंत हाय.”

“भिंतीच्या मागे?”

“तिथं अंधार असतोय. साहेबांनी कशाला तरास घ्यायचा?”

मी पेन उचललं होतं, बाई. नियमाला बगल, अर्जात फसवणूक, गुण वजा. आणि मग तुमच्या वहीतलं ते पान आठवलं. चिंग काळात एका सुभेदाराने सूचौ शहराजवळच्या टेकडीवर नेमक्या ह्या पाच भावांच्या मूर्ती नष्ट केल्या आणि त्यांच्या जागी लाल सेनापती बसवला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच टेकडीवर येत राहिले, त्याच भावांसाठी. मुलाने ते पान पाहिलेलं नव्हतं. मी त्याला विचारलं, “तुला हे सुचलं कुठून?”

“सुचायचंय काय त्यात? आमचं गाव कार्पोरेशनमधी गेलं तवा म्हसोबाचं असंच केलं. फुडं मोठ्या देवाची कमान लावली. शेंदूर आतमधी हायेच.”

सगळे न्यायाधीशाकडे बघायला लागले. ती बराच वेळ अर्ज उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, “मी देऊळ समोरून पाहिलं. ठीक आहे. माझी बदली यंदाच आहे. मंजूर.” आणि शिक्का नव्हता म्हणून डब्याचं झाकण कागदावर आपटलं.

तो गोंगाट तुम्ही ऐकायला हवा होता. विभागप्रमुखांचा मोबाईल खिशात होता. ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, “म्हणजे दरबाराला कळत होतं की मागे काय आहे?” मी म्हटलं, “पुष्कळदा. दरबाराला नाव सारखं हवं होतं, लोकांना देव आपला हवा होता. दोघांनी एकमेकांकडे नीट न बघण्याचं ठरवलं, म्हणून एवढा मोठा देश चालला.” ते म्हणाले, “पण समिती नाव बघते हो, मॅडम.”

एवढं कळायला मला तुमची इतकी वर्षं आणि त्या पोराची पंधरा मिनिटं लागली. मी नवा प्रस्ताव केला. ‘प्रशासन आणि समाजनियमन: एक तुलनात्मक अभ्यास’. उद्दिष्टांत ‘स्पर्धा परीक्षांस उपयुक्त’ हेही लिहिलं. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, “ह्यात चीन आहे का?” मी म्हटलं, “उदाहरणादाखल.” “मग असू द्या.” विभागप्रमुख छताकडे बघत होते.

आता वर्गात खुर्च्या कमी पडतात. अभ्यासिकांमधून पोरं येतात, अधिकारी व्हायला निघालेली, पाठांतराने डोळे तारवटलेली, आणि पहिल्याच तासाला त्यांना कळतं की हजार वर्षांपूर्वी कुणी तरी अशाच खोलीत असंच घोकत होतं. मी त्यांना सांगते की बहुतेक जण तेव्हाही खुर्चीवर पोचले नाहीत, आणि तरी गावं त्यांनीच चालवली. कुणी हे लिहून घेत नाही. पण खाली बघत असलेला एखादा वर बघतो. न्यायाधीश झालेली मुलगी चिनी लिपी शिकते आहे. शिलालेख स्वतः वाचायचे म्हणते, माझ्यावर विश्वास नाही. हडपसरचा मुलगा म्हसोबावर निबंध लिहितो आहे आणि त्याचं पहिलं वाक्य अजिबात छान नाही, खरं मात्र आहे.

एवढं सगळं तुम्हाला कळवावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. पाकिटावर खडकीचा पत्ताही घातला, तिथे आता दुसरंच कुणी राहतं हे माहीत असून. पण एक गोष्ट राहिली. नवा पेपर मंजूर व्हायचा तर जुना बंद केल्याचा फॉर्म जोडावा लागतो, आणि त्यात एक रकाना असतो: बंद करण्याचे कारण. तुमच्या पेपरच्या नावापुढे ‘विषय कालबाह्य’ असं मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, लवकर पुढे सरकेल म्हणून लिहिलं. खाली सही माझी आहे. पाकीट म्हणून टेबलावरच आहे.